जांभळ्या कोबीचा दर्शक आणि रंग लिहिण्याची अडचण: बारावीच्या केमिस्ट्री प्रोजेक्टचा अनुभव

सीबीएसई बारावीच्या केमिस्ट्री प्रात्यक्षिकाच्या 30 गुणांपैकी 4 गुण प्रोजेक्टला असतात. ‘नैसर्गिक दर्शक’ हा विषय सोपा समजला जातो, त्यामुळे दरवर्षी बरेच जण तो घेतात. जांभळ्या कोबीचा रस काढायचा, लिंबू, सोडा, साबणाच्या पाण्यात घालायचा, फोटो चिकटवायचे आणि फाइल बांधायची, असं त्याचं रूप असतं. मी जुलै 2024 मध्ये हा विषय घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये तोंडी परीक्षा देऊन मोकळी झाले. रस काढायला फारसा वेळ लागत नाही. दिसलेला रंग दुसऱ्या माणसाला कळेल आणि तपासता येईल असा कागदावर लिहिणं हे खरं काम आहे, आणि बहुतेक सगळा वेळ त्यातच जातो. म्हणून तो भाग सविस्तर लिहिते आहे.

जुलैच्या शेवटी विषयाचा फॉर्म भरायचा होता: विषय, उद्देश, लागणारी रसायनं, जोडीदाराचं नाव. फॉर्मवर मॅडमची सही झाल्याशिवाय प्रयोगशाळेतून काहीच मिळत नाही. रसायनांसाठी वेगळी मागणी-चिठ्ठी असते. तिच्यावर रसायनाचं नाव, तीव्रता आणि किती मिलिलिटर हे नीट लिहावं लागतं, ‘थोडं अ‍ॅसिड’ चालत नाही. आम्ही 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि पीएच 4.0, 7.0 व 9.2 च्या बफर कॅप्सूल मागितल्या. या कॅप्सूल पीएच मीटर जुळवण्यासाठी प्रयोगशाळेत ठेवलेल्या असतात. एक कॅप्सूल 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवली की त्या पीएचचं द्रावण तयार. प्रयोगशाळेतल्या काकांनी सांगितलं, “चिठ्ठी सोमवारी द्या, सामान गुरुवारी न्या.” ही तीन दिवसांची वाट प्रत्येक वेळी पाहावी लागते, म्हणून सगळं एकाच चिठ्ठीत मागा.

आधी जास्वंद घ्यायची की कोबी, हे ठरवायचं होतं. जास्वंद दारातच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. लाल पाकळ्या गरम पाण्यात ठेवल्या की रंग लगेच उतरतो, पण त्याबरोबर पाकळ्यांतला चिकट बुळबुळीत पदार्थही उतरतो आणि गाळणकागद तुंबतो. मलमलच्या कापडातून दोनदा गाळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरचं निवळ पाणी घेतलं तर काम भागतं. आम्लात गडद गुलाबी आणि सोड्याच्या तीव्र द्रावणात हिरवा, हे दोन रंग छान येतात. पण 4 आणि 7 च्या बफरमध्ये रंग इतका फिका पडला की दोन नळ्या शेजारी धरूनही फरक सांगणं कठीण गेलं. त्यात 7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, त्यामुळे आदल्या आठवड्यात दारातली फुलं तोडायला घरातून परवानगी नव्हती.

फिका पडण्याचं कारण पुढे तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, म्हणून इथेच सांगते. जास्वंद आणि कोबी दोन्हींतली रंगद्रव्यं अँथोसायनिन गटातली. तीव्र आम्लात हा रेणू धनभारित आणि लाल असतो. पीएच वाढला की तो प्रोटॉन सोडतो आणि जांभळा होतो, आणखी सोडला की निळा. पण मधल्या टप्प्यात, साधारण 4 ते 6 च्या आसपास, पाण्याचा रेणू त्याला चिकटतो आणि रंगहीन रूप तयार होतं. जास्वंदीत हे सहज घडतं. कोबीच्या अँथोसायनिनला काही सुगंधी आम्लांचे अवशेष जोडलेले असतात. ते रंगाच्या भागावर झाकणासारखे बसतात आणि पाण्याला आत येऊ देत नाहीत. म्हणून कोबीचा रंग मधल्या पट्ट्यातही टिकतो. ज्यांना फक्त आम्ल की आम्लारी एवढंच दाखवायचं आहे त्यांनी जास्वंद जरूर घ्यावी. पीएचचा अंदाज हवा असेल तर कोबीच.

जांभळा कोबी साध्या भाजीवाल्याकडे नेहमी मिळेल असं नाही. सिमला मिरची, ब्रोकोली ठेवणाऱ्याकडे मिळतो. मला एक गड्डा 70 रुपयांना मिळाला आणि अर्धाच लागला. कृती अशी: 100 ग्रॅम पानं बारीक चिरून 250 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात, 70 ते 80 अंशांवर दहा मिनिटं. खळखळ उकळू नये, त्यात रंगद्रव्य खराब होतं आणि उग्र वासही सुटतो. मग गाळून थंड करायचं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं. अ‍ॅल्युमिनियमचं नको, लोखंडाचं तर नकोच. त्याचं कारण पुढे तुरटीच्या वेळी येईल.

पाणी डिस्टिल्डच हवं, यावर मी मुद्दाम भर देते. आमच्या भागात बोअरचं पाणी आहे, त्यात बायकार्बोनेट भरपूर. त्या पाण्यात काढलेला रस सुरुवातीपासूनच निळसर दिसतो, डिस्टिल्डमध्ये काढलेला जांभळा. बॅटरीच्या पाण्याची लिटरची बाटली 25 रुपयांना मिळाली. उलट बाजूने एक गैरसमजही टाळा: हवेत उघडं ठेवलेलं डिस्टिल्ड पाणी 7 पीएचचं नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते साधारण 5.6 पर्यंत उतरतं. ‘न्यूट्रल’ची नळी म्हणून नुसतं डिस्टिल्ड पाणी लावू नका, 7 चा बफर लावा.

रस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो. मग आंबू लागतो, आंबताना आम्ल तयार होतं आणि रस आपोआप गुलाबीकडे सरकतो. मी सगळा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला आणि लागेल तसे खडे वितळवले. त्यामुळे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एकाच रसाने काम झालं. तुलना करायची असेल तर हे महत्त्वाचं आहे, कारण दोन गड्ड्यांचा रंग सारखा नसतो.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही संदर्भमालिका बनवली. 0.1 मोलर आम्ल म्हणजे पीएच 1. ते दहापट विरळ केलं की 2. दुसऱ्या टोकाला 0.01 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे 12 आणि त्याचं दहापट विरळ केलेलं 11. मध्ये तीन बफर. सोडियम हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा घाला आणि हे काम प्रयोगशाळेतच करा. प्रत्येक नळीत 10 मिलिलिटर द्रावण आणि 2 मिलिलिटर रस. सगळ्या नळ्या एकाच मापाच्या आणि सगळ्यांत द्रव एकाच उंचीपर्यंत.

विरळ आम्ल-आम्लारींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांना पीएच धरून ठेवण्याची ताकद नसते. 0.001 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा पीएच हिशोबाने 11 येतो, पण त्यात थोडासा आम्लधर्मी रस मिसळला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला की तो खाली येतो. म्हणून रस घातल्यानंतरच पीएच मोजा. माझी आत्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिचा पेनसारखा पीएच मीटर मी दोन आठवडे मागून आणला. मीटरने आमची ‘11’ची नळी 10.7 दाखवली. फाइलमध्ये आम्ही 10.7 च लिहिलं.

आता रंगाची गोष्ट. 9.2 च्या नळीकडे बघून मी वहीत ‘निळा’ लिहिलं, जोडीदार मैत्रिणीने ‘हिरवा’ लिहिलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, “अगं, हा तर मोरपंखी!” तिघींनाही तीच नळी दाखवली होती, तीच वेळ, तोच उजेड. 7 च्या नळीला तर जांभळा, वांगी, निळसर, जांभळट-करडा अशी नावं मिळाली. नावं सुंदर आहेत, साडीच्या दुकानात त्यांनी काम भागतं, पण त्यावरून दुसरं कोणी ही नळी ओळखू शकणार नाही. पहिला मसुदा मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी रंगाच्या रकान्याखाली एकच प्रश्न लिहिला: “कशाच्या तुलनेत?”

आत्याने यावर जे सांगितलं त्याने मला दिशा मिळाली. मातीचा रंग लिहिताना ‘तांबूस’, ‘काळपट’ एवढ्यावर थांबत नाहीत. मनसेल रंगपुस्तिकेतल्या चौकटीशी ढेकूळ जुळवून बघतात आणि तीन गोष्टी नोंदवतात: रंग कोणता, उजळ की गडद, भडक की मळकट. तिची नोंद `10YR 5/3` अशी दिसते. ही पुस्तिका फार महाग असते, मला ती परवडणारी नव्हती. पण विचार उचलता आला. कोणत्याही रंगाचे तीन गुण वेगवेगळे लिहायचे, आणि प्रत्येक गुण कशाशी तरी ताडून लिहायचा.

मी पेंटच्या दुकानातून फुकट मिळणारं शेडकार्ड आणलं. त्यातल्या पट्ट्यांना क्रमांक असतात. नळीमागे पांढरा कागद, शेजारी शेडकार्ड, खिडकीतला उजेड, आणि मग आई, मैत्रीण व प्रयोगशाळेतले काका या तिघांना एकमेकांसमोर न बोलता जवळची पट्टी निवडायला सांगितलं. 9.2 च्या नळीसाठी दोघांनी तीच पट्टी निवडली आणि तिसऱ्याने लगतची. नावांत जेवढा घोळ होता तेवढा पट्टी निवडण्यात नव्हता. नावं ठेवताना प्रत्येक जण आपल्या आठवणीतला रंग वापरतो, पट्टीशी ताडताना मात्र सगळ्यांसमोर एकच गोष्ट असते. मर्यादाही आहे: कार्डावरचा रंग परावर्तित उजेडाचा आणि मॅट असतो, नळीतून आरपार आलेला उजेड दिसतो, त्यामुळे हुबेहूब जुळणी होत नाही. शिवाय तिघांपैकी एखाद्याला लाल-हिरव्यातला फरक कमी दिसत असेल, तर निवड विचित्र येते. पुरुषांमध्ये हे स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि कित्येकांना स्वतःला ते माहीतही नसतं.

म्हणून दुसरी पद्धत फोटोची. इथे लोक फोटो काढून चिकटवतात आणि थांबतात. पण फोन स्वतःच्या मनाने उजेडाचा रंग दुरुस्त करतो. एका नळीचा फोटो आज पिवळ्या दिव्याखाली, दुसऱ्या नळीचा उद्या ट्यूबलाइटखाली, असं केलं तर ते फोटो एकमेकांशी ताडता येत नाहीत. मी सगळ्या नळ्या एकाच चौकटीत, पांढऱ्या कागदासमोर, दुपारी उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवल्या. थेट ऊन नको. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद केला, फ्लॅश बंद. रस घातल्यापासून बरोबर दोन मिनिटांनी फोटो. मग फोनवरच्या साध्या रंग-वेचक अ‍ॅपमध्ये नळीच्या मधल्या भागातले पाच बिंदू निवडून R, G, B चे आकडे घेतले आणि सरासरी काढली. नळीच्या कडेला काच उजेड वाकवते, म्हणून कडा टाळायच्या. कागदाचेही आकडे घ्यायचे. ते तिन्ही जवळपास सारखे आले तर फोटोला रंगाची झाक नाही असं समजायचं. आमच्या कागदाचे 238, 236, 231 आले, ते चालण्यासारखे होते.

R, G, B हे तीन आकडे तसेच लिहिले तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्यांतून ह्यू काढायचा, म्हणजे रंगचक्रावरचा कोन: 0 अंश लाल, 120 हिरवा, 240 निळा आणि 360 ला पुन्हा लाल. सूत्र तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा कोणता यावर ठरतं:

```
R मोठा:  H = 60 × (G − B) / (max − min)   (ऋण आल्यास + 360)
G मोठा:  H = 120 + 60 × (B − R) / (max − min)
B मोठा:  H = 240 + 60 × (R − G) / (max − min)
```

9.2 ची नळी घेऊ. आकडे आले R 66, G 124, B 138. सर्वांत मोठा B, सर्वांत लहान R, फरक 72. (66 − 124) म्हणजे −58; त्याला 60 ने गुणून 72 ने भागलं की −48.3, म्हणून ह्यू 240 − 48.3, म्हणजे 192 अंश. हिरव्या आणि निळ्याच्या मधलं आकाशीकडचं टोक. माझा ‘निळा’, मैत्रिणीचा ‘हिरवा’ आणि आईचा ‘मोरपंखी’ तिन्ही या एका आकड्याच्या आसपास बसतात. उरलेले दोन गुणही याच आकड्यांतून मिळतात. सर्वांत मोठा आकडा भागिले 255 म्हणजे उजळपणा, इथे 54 टक्के. फरक भागिले सर्वांत मोठा आकडा म्हणजे भडकपणा, इथे 52 टक्के.

पूर्ण मालिकेचे ह्यू असे आले: पीएच 1 ला 354, 2 ला 349, 4 ला 330, 7 ला 261, 9.2 ला 192, 10.7 ला 150 आणि 12 ला 89. लाल, गुलाबी, जांभळा, आकाशी, हिरवा, पोपटी असा क्रम एका दिशेने उतरत जातो. तो कुठे वर-खाली झाला तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे किंवा बफर बिघडला आहे, असं समजता येतं. त्याच नळ्यांचे पुन्हा पुन्हा फोटो काढले तर ह्यू तीन-चार अंशांनी हलतो. म्हणजे 1 आणि 2 मधला पाच अंशांचा फरक जवळपास मोजण्याच्या चुकीएवढाच आहे. या दर्शकाने पीएच 1 आणि 2 वेगळे सांगता येत नाहीत, हे आम्ही निष्कर्षात स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून “हे कशावरून?” विचारलं, तेव्हा पुन्हा काढलेल्या फोटोंचा तक्ता दाखवता आला.

ऑक्टोबरमध्ये घरगुती पदार्थ तपासले. खाण्याचा सोडा 100 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम घेतला. आकडे R 84, G 112, B 160, ह्यू 218. हा 7 (261) आणि 9.2 (192) च्या मध्ये येतो. सरळ प्रमाणाने काढलं तर 261 पासून 43 अंश उतरलो, पूर्ण अंतर 69, म्हणजे 2.2 पीएचच्या पट्ट्यातला 0.62 भाग, 7 अधिक 1.37, म्हणजे 8.4. मीटरने 8.2 दाखवलं. अंदाज चांगला आला, तरी फाइलमध्ये ‘8.37’ लिहिणं योग्य नाही, कारण दोन बफरच्या मध्ये ह्यू सरळ रेषेतच उतरतो याला काहीच आधार नाही. आम्ही लिहिलं: ‘7 व 9.2 यांच्या दरम्यान, अंदाजे 8 ते 9’.

चुन्याची निवळी सगळ्यांत बोलकी निघाली. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरचं निवळ पाणी घेतलं. मीटरवर 12.3. रस घालताच पोपटी हिरवा रंग आला, ह्यू 90 च्या जवळ. अर्ध्या तासाने तीच नळी पिवळट झाली, ह्यू 60 च्या घरात. दुसऱ्या दिवशी हिरव्याचा मागमूस नव्हता. तीव्र आम्लारीत रेणूचं एक वलय उघडतं आणि पिवळं रूप तयार होतं. निळं आणि पिवळं दोन्ही एकत्र असतात तोवर आपल्याला हिरवं दिसतं, निळं संपलं की पिवळं उरतं. पिवळ्या झालेल्या नळीत आम्ल घातलं तर पहिल्यासारखा गडद लाल परत आला नाही, फिका आला, म्हणजे रंगद्रव्याचा काही भाग कायमचा गेला होता. त्यामुळे ‘चुन्याची निवळी: हिरवा’ आणि ‘चुन्याची निवळी: पिवळा’ या दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात, आणि वेळ लिहिली नसेल तर दोन्ही निरुपयोगी. तक्त्यात ‘किती मिनिटांनी’ हा रकाना ठेवाच.

तुरटीने मला सर्वांत जास्त शिकवलं. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, मीटरवर 3.4 आलं. रस घातल्यावर गुलाबी यायला हवा होता, आला जांभळा, ह्यू 285. मालिकेवरून वाचलं तर हा पीएच 6 च्या जवळचा रंग. मीटर पुन्हा बफरने तपासला, तो बरोबर होता. मग ताळा म्हणून 1 मिलिलिटर व्हिनेगर 100 मिलिलिटर पाण्यात मिसळलं, त्याचाही पीएच 3.4 च्या आसपास येतो. त्यात रस घातला तर स्वच्छ गुलाबी, ह्यू 337. पीएच तोच, पण रंग वेगळा. फरक फक्त तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा. कोबीच्या अँथोसायनिनमध्ये शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. ते अ‍ॅल्युमिनियमच्या आयनाला धरतात आणि रंग निळ्याकडे ढकलला जातो. लोखंडाचे आयनही असंच करतात, म्हणून वर भांड्याबद्दल सांगितलं. धातूचे आयन असलेल्या द्रावणात हा दर्शक पीएच सांगत नाही, हे आमच्या फाइलमधलं मला सर्वांत आवडलेलं पान आहे. तुम्ही हा विषय घेतलात तर तुरटी जरूर घ्या, आणि तिच्यासोबत त्याच पीएचच्या व्हिनेगरची नळी ठेवायला विसरू नका. ती नळी नसेल तर नुसतं आश्चर्य उरतं, कारण सिद्ध होत नाही.

कपड्यांच्या ब्लीचने रंग काही क्षणांत उडतो. ते आम्लारी आहे, पण रंग जातो तो ऑक्सिडेशनने, पीएचने नव्हे. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. आम्ही ही नळी यादीतून काढली. मुळातच रंगीत असलेले पदार्थ, म्हणजे चहा, कोकम सरबत वगैरे, त्यांच्यासाठी रस न घातलेली एक कोरी नळी शेजारी लागते. कोकमात तर स्वतःचीच अँथोसायनिन असतात, त्यामुळे तेही वगळलं.

नोव्हेंबरमध्ये लिखाण झालं. नोंदीचं वाक्य आम्ही एकदा ठरवलं आणि सगळीकडे तेच वापरलं: ‘10 मिलिलिटर नमुना + 2 मिलिलिटर रस, 2 मिनिटांनी, पांढऱ्या कागदासमोर, खिडकीच्या उजेडात: पारदर्शक, निळा, ह्यू 218, उजळपणा 63 टक्के, भडकपणा 48 टक्के.’ पारदर्शक आणि रंगहीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मॅडमनी दोनदा दुरुस्त करायला लावलं. साबणाचं पाणी रंगीत पण गढूळ असतं, व्हिनेगर पारदर्शक आणि रंगहीन, रस घातलेलं व्हिनेगर पारदर्शक आणि गुलाबी. ‘क्लिअर’ लिहून सोडलं तर यातलं नेमकं काय ते कळत नाही. ‘सुंदर’, ‘छान’, ‘आकर्षक’ असे शब्द निरीक्षणाच्या रकान्यातून काढले. निरीक्षणात रंग आणि निष्कर्षात पीएच, हेही वेगळं ठेवलं. ‘आम्लधर्मी गुलाबी रंग दिसला’ अशा वाक्यात निरीक्षण आणि निष्कर्ष यांची सरमिसळ होते.

डिसेंबरमध्ये छपाई. रंगीत प्रिंट पानाला 10 रुपये, स्पायरल बाइंडिंग 40. प्रिंटरवर 7 ची जांभळी नळी चक्क निळी उमटली, दुसऱ्या दुकानात करडी. छापील फोटोवर विसंबून राहता येत नाही, म्हणून प्रत्येक फोटोखाली ह्यूचा आकडा छापला. प्रमाणपत्राच्या पानावर मॅडम, मुख्याध्यापिका आणि नंतर बाह्य परीक्षक अशा तीन सह्या लागतात. मुख्याध्यापिकांची सही मिळायला आठवडा गेला, कारण नाताळच्या सुट्ट्या आल्या. बाइंडिंगच्या आधी सुटं पान सहीसाठी देऊ नका, ते हरवतं. रोल नंबर बोर्डाकडून आल्यावर भरायचा, त्याची जागा कोरी ठेवा.

जानेवारीतली तोंडी परीक्षा दहा मिनिटांत संपली. रॉबर्ट बॉयल यांनी 1664 साली व्हायोलेटच्या फुलांचा पाक आम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवा होतो हे लिहून ठेवलं, हे आम्ही प्रस्तावनेत दिलं होतं. परीक्षकांनी विचारलं, “मग त्यांनी पीएच का नाही लिहिला?” पीएचची मोजपट्टीच सोरेनसन यांनी 1909 मध्ये मांडली, हे मैत्रिणीने सांगितलं. मग जास्वंद का सोडली, 12 ची नळी पिवळी का झाली आणि तुरटीचा ताळा कसा घेतला, एवढंच विचारलं. तुरटीवर ते थोडे थांबले. व्हिनेगरऐवजी तुरटीतून अ‍ॅल्युमिनियम बांधून घेणारं काही घातलं असतं तर काय झालं असतं, असं विचारलं. फ्लुओराइड किंवा ईडीटीए घातलं तर अ‍ॅल्युमिनियम त्याच्याकडे जाईल आणि रंग गुलाबीकडे परतायला हवा, असं मी म्हणाले. ते आम्ही करून पाहिलेलं नव्हतं, तसंही सांगितलं. पुढे कोणी हा विषय घेणार असेल तर ईडीटीएची ती नळी लावून बघा. मात्र ईडीटीए स्वतः पीएच बदलतं, म्हणून ते घातल्यावर पीएच पुन्हा 3.4 वर आणावा लागेल आणि मगच रंग ताडता येईल.

आमच्या शाळेत फाइल परत मिळत नाही. सह्या झाल्यावर सगळ्या पानांची झेरॉक्स काढून ठेवा आणि फोनमधले मूळ फोटो मोबाइल बदलण्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेले फोटो आकुंचित होतात, त्यांचे R, G, B पुन्हा काढले तर आकडे थोडे वेगळे येतात.